सोफ्याचा हात फाडणारी मांजर : खांब ठेवताना या चुका टाळा

आमच्या चिंगीने सोफ्याचा उजवा हात दोन महिन्यांत उसवला. डावा हात मात्र नवा कोरा राहिला. कापड तेच, उंची तीच, तरी एकाच बाजूवर राग का, हे मला बरेच दिवस कळलं नाही. ते कळलं तेव्हा त्याआधी केलेल्या सगळ्या चुकाही एका ओळीत दिसायला लागल्या.

पहिली चूक म्हणजे चादर घालणं. शेजारच्या अक्कांनी सांगितलं, "अगं, वरून जाड चादर टाक, सोफा वाचेल." सोलापुरात घरोघरी जाड चादरींची चळत असतेच, त्यातली एक मी टाकली. चार दिवसांत चिंगी पूर्वीपेक्षा जास्त वेळ तिथे उभी राहायला लागली. कारण साधं आहे. मांजराला असं कापड हवं असतं ज्यात नख रुतेल, अडकेल आणि ओढलं की सुटेल. चादरीच्या उठावदार विणीत नख छान धरतं, म्हणजे मी सोफा झाकला नव्हता, त्यावर जास्त चांगली जागा अंथरली होती. टेरी टॉवेल तर त्याहून वाईट. त्याच्या फासांत नख गुंतून बसतं आणि मांजर घाबरून जोरात हिसका देतं.

मांजर नख घासतं ते धार लावायला, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. नखावर टरफलासारखा बाहेरचा थर वाढतो आणि खरवडताना तो निघून येतो. आत टोकदार नवं नख असतं. चंद्रकोरीसारखी पोकळ टरफलं सोफ्याखाली सापडतात ती हीच. त्याबरोबर पाठ, खांदे आणि पुढचे पाय ताणले जातात, म्हणून झोपून उठल्याबरोबर मांजर आधी खरवडायला जातं. तिसरं कारण आपल्या नजरेतून निसटतं : पंजांत गंधग्रंथी असतात. ओरखड्याची खूण डोळ्यांना दिसते, वास नाकाला कळतो. दोन्ही मिळून 'इथे मी राहते' असं सांगितलं जातं.

आमच्या उजव्या हाताचं कोडं इथेच सुटलं. दार उघडलं की पहिल्यांदा तोच कोपरा दिसतो, आणि संध्याकाळी अंगणात एक मोठा बोका येऊन बसतो. चिंगी त्याच्या वाटेवर आपली पाटी लावत होती. तुमच्या घरातही ओरखडे दारा-खिडकीपाशी जमा होत असतील तर बाहेर कोण येतंय ते बघा. बाहेर मांजरांसाठी ठेवलेलं उरलंसुरलं अन्न उचललं, दिसण्याची वाट पडद्याने बंद केली, तर निम्मं काम होतं.

दुसरी चूक : मांजराने सोफ्याऐवजी खरवडावा म्हणून दुकानातून आणलेला छोटा खांब. माझा 45 सेंटिमीटर उंच होता, खाली ताटाएवढी फळी. चिंगीने एकदा पंजे टेकले, खांब तिच्या अंगावर कलला आणि ती पुन्हा फिरकली नाही. डुलणाऱ्या खांबावर मांजराला पूर्ण ताण देता येत नाही, आणि एकदा घाबरलं की त्या वस्तूला ते टाळतं. खांब घ्यायच्या आधी घरातल्या खुणा मोजा. चिंगी मागच्या पायांवर उभी राहिली की तिचे पंजे 75 सेंटिमीटरपर्यंत जायचे. म्हणजे खांब त्याहून वर हवा. बहुतेक मोठ्या मांजरांना 90 सेंटिमीटर पुरतात.

तिसरी चूक दोरीची. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, नख घसरतं. घायपाताची, म्हणजे सिसलची दोरी सर्वांत चांगली. ती न मिळाल्यास खडबडीत तागाची चालते, फक्त लवकर झिजते. खांबाला जुनी चादर गुंडाळू नका, असं माझं ठाम मत आहे. खांबावरची चादर आणि पलंगावरची चादर वेगळी आहे, हे मांजराला कसं कळणार?

मग सुताराकडून बनवून घेतला. वखारीतला 10 सेंटिमीटर जाडीचा चौकोनी वासा, 90 सेंटिमीटर लांब. खाली 50 बाय 50 सेंटिमीटरचं 18 मिलिमीटर प्लायवूड, तेही दोन थर, आणि खालून चार लांब स्क्रू. दोरी 8 मिलिमीटर जाडीची. 80 सेंटिमीटर उंची गुंडाळायची तर सुमारे 100 वेढे होतात, एका वेढ्याला साधारण 42 सेंटिमीटर, म्हणजे 42 मीटर. मी 45 मीटर घेतली. वेढे एकमेकांना घट्ट चिकटून हवेत, दर पाच-सहा वेढ्यांनी फेविकॉल आणि दोन्ही टोकांना खिळे, पण खिळ्याची डोकी आत ठोकून. तयार झाल्यावर वरच्या टोकाला हाताने जोरात ढकलून बघा. पाया जमिनीवरून उचलला गेला तर त्यावर फरशीचा तुकडा ठेवून वजन वाढवा.

खांब कुठे ठेवायचा, इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. दिसायला बरं नाही म्हणून गच्चीत किंवा मागच्या खोलीत ठेवतात. मांजराला जिथे खूण करायची आहे तिथेच तो हवा. मी उजव्या हाताला लागूनच उभा केला आणि सोफ्याच्या कोपऱ्यावर गुळगुळीत प्लास्टिकचा कागद ताणून लावला. चिंगी झोपून उठली की खांबावर दोरी लोंबवून हलवायचे. पंजा लागला की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. तिचे पाय धरून खांबावर घासू नका, पकडलं की मांजराला पळायचंच सुचतं. ओरडणं आणि पाणी मारणंही तसंच. तुम्ही नसताना ती पुन्हा सोफ्यावर जाईल. मांजरांना भुरळ घालणाऱ्या कॅटनिप या वनस्पतीवर भिस्त ठेवू नका, पुष्कळ मांजरांवर त्याचा परिणामच होत नाही. दहाव्या दिवशी खांबाच्या पायथ्याशी पहिलं टरफल सापडलं. तीन आठवड्यांनी मी प्लास्टिक काढलं, मग खांब दर दोन दिवसांनी वीतभर सरकवत भिंतीकडे नेला. मात्र दारातून दिसेल इतकाच.

काही मांजरं उभं खरवडतच नाहीत. ओरखडे सतरंजी, पायपुसणी यांवर असतील तर त्यांना काथ्याची जाड पायपुसणी फळीला ठोकून आडवी द्या.

आता कणीक मळण्याबद्दल. चिंगी संध्याकाळी चादरीवर डोळे मिटून, घुरघुरत, एकेक पंजा आलटून-पालटून दाबते. पिल्लू आईच्या पोटावर असंच दाबून दूध उतरवतं, ती सवय मोठेपणीही राहते. याचा आणि सोफा खरवडण्याचा घोळ करून तिला हुसकवू नका, खांब दिला तरी हे थांबत नाही. मांडीवर घडी केलेली गोधडी घ्या आणि दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त पांढरी टोकं कापा, गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. मांजर चादर चोखून दशा गिळत असेल तर मात्र लक्ष द्या. लांब धागा आतड्यात अडकतो. उलट्या, खाणं बंद, अशी लक्षणं दिसली की त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नका.

खांबाची दोरी मधोमध कुसळासारखी उसवली म्हणून तो फेकू नका. तीच तिची खूण आहे, तिचाच वास आहे. पूर्ण लाकूड दिसायला लागलं की तेवढेच वेढे बदला, वरची-खालची जुनी दोरी तशीच राहू द्या.