सेल्फ नुसता टकटकतो तेव्हा

आयटीआय करून गॅरेजला लागलो आणि तिसऱ्याच आठवड्यात एका धडधाकट बॅटरीला मी मेलेली ठरवलं. जुनी पेट्रोल गाडी होती. चावी फिरवली की बॉनेटखालून टकटकटकटक असा झरझर आवाज यायचा, इंजिन मात्र जागचं हलत नव्हतं. "बॅटरी गेली," मी म्हणालो. दादांनी मीटर हातात ठेवला. "आधी मोज, मग बोल."

बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.५ व्होल्ट आले, म्हणजे जवळजवळ भरलेली. मी गप्प.

तो झरझर आवाज सोलेनॉइडचा असतो. तो सेल्फचं गिअर पुढे ढकलतो आणि मोटरचा जाड संपर्क जोडतो. संपर्क जुळला की मोटर शंभराहून जास्त अँपिअर ओढू पाहते. तेवढा करंट मिळाला नाही तर व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, सुटला की व्होल्टेज परत चढतं आणि तो पुन्हा ओढला जातो. बॅटरी उतरलेली असो की टर्मिनल सैल, आवाज असाच येतो. म्हणून कानाच्या जोडीला डोळे लागतात.

उतरलेल्या बॅटरीत चावी ऑन करतानाच डॅशबोर्ड मलूल दिसतो, हेडलाइट पिवळट पडतात आणि टकटकीसोबत लुकलुकतात. सैल टर्मिनलमध्ये आधी सगळं लख्ख असतं. सेल्फ मारला की दिवे एकदम विझतात, कधी घड्याळही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आमच्या गाडीत हेच होत होतं, पण मी दिव्यांकडे पाहिलंच नव्हतं.

दादांनी गाडी न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक ओढला. मीटरचं एक टोक निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं तिच्यावरच्याच क्लॅम्पवर धरायला लावली आणि स्वतः चावी फिरवली. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, तिथे जवळपास शून्य यायला हवं. काटा कित्येक व्होल्ट उडाला. (आमचा मीटर काट्याचा होता, डिजिटल असता तर आकडे नुसते नाचले असते.) क्लॅम्प हाताने फिरत होता, आत पांढरट भुकटी. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढला, दोन्ही घासले, लावताना उलट क्रमाने लावले आणि १० नंबरच्या पान्याने आवळले. पहिल्या फटक्यात गाडी सुरू.

सोलेनॉइडचा दोष वेगळा ऐकू येतो. चावीला एकच ठसठशीत "टक्", पुढे शांतता, आणि दिवे मंदावतही नाहीत. आतले तांब्याचे संपर्क जळले की मोटरपर्यंत करंट पोचतच नाही, मग दिवे कशाने मंदावणार? मोटरचे कार्बन ब्रश झिजले तरी अगदी असंच होतं, त्यामुळे सेल्फ उतरवून उघडेपर्यंत मी सोलेनॉइडचं नाव घेत नाही. पण एका टकबरोबर दिवे खूप मंदावले, तर करंट वाहतोय. तेव्हा आधी बॅटरी तपासायची, आणि ती ठीक निघाली तर सेल्फ किंवा इंजिन जाम आहे का ते बघायचं.