चिकन शिजतं, कोशिंबीर शिजत नाही: कच्चं मांस हाताळताना या चुका टाळा

रविवारी चिकनचा बेत असला की सगळं लक्ष चिकन नीट शिजलं का याकडे असतं. ते हवंच. पण कच्च्या कोंबडीवर जे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जिवाणू असू शकतात, ते तुकड्याच्या आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की मरतात. रटरटत्या रश्शात व्यवस्थित शिजलेला तुकडा एवढा गरम होतोच. खरा धोका ताटात त्याच्या शेजारी वाढलेला असतो: काकडीची कोशिंबीर, चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि गॅस बंद केल्यावर वरून घातलेली कोथिंबीर. यातलं काहीच विस्तवावर जात नाही. चिकनचं पाणी यांच्यावर पडलं तर ते तसंच्या तसं पोटात जातं, आणि कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत त्या पाण्याचा एक थेंबही आजारी पडायला पुरेसा असू शकतो.

त्यामुळे रविवारच्या स्वयंपाकात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कामाचा क्रम.

चिकन आलं की आधी चिकनला हात घालणं

पिशवी घरात येते आणि आपण लगेच चिकन धुवायला घेतो, कारण ते मुरायला ठेवायचं असतं. मग त्याच ओट्यावर, त्याच बोर्डवर कांदा, काकडी, कोथिंबीर चिरली जाते. मध्ये बोर्ड नळाखाली धरलेला असतो, सुरी फडक्याला पुसलेली असते. दिसायला दोन्ही स्वच्छ असतात.

हा क्रम उलटा करा. चिकनची पिशवी एका खोल पातेल्यात ठेवून पातेलं फ्रीजमध्ये सरकवा आणि आधी कच्चं खायचं ते सगळं आटपून घ्या. काकडी चोचवून डब्यात, कांदा-लिंबू ताटलीत, कोथिंबीर निवडून, धुऊन, चिरून वाटीत. प्रत्येकावर झाकण ठेवून ते सिंकपासून लांब, शक्यतो फ्रीजमध्येच ठेवून द्या. त्यानंतर रश्शाचा कांदा-टोमॅटो चिरा आणि शेवटी चिकन काढा. एवढं केलं तर घरात एकच बोर्ड आणि एकच सुरी असली तरी बरंचसं काम झालं, कारण चिकननंतर त्या बोर्डवर कच्चं खायचं काही येतच नाही. कोशिंबिरीत मीठ आणि दही मात्र जेवायच्या वेळीच घाला, नाहीतर पाणी सुटतं.

नळाच्या धारेखाली चिकन धुणं

अमेरिकेच्या कृषी खात्याने नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाबरोबर केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. लोकांना स्वयंपाकघरात चिकन आणि सॅलड करायला सांगून चिकनवरचे जिवाणू कुठे कुठे पोचतात ते तपासलं. ज्यांनी चिकन धुतलं त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये जिवाणू सापडले आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडच्या पानांवरही. मला याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा: ज्यांनी चिकन धुतलंच नाही, त्यांच्यातही ३१ टक्के लोकांच्या सॅलडवर जिवाणू पोचले होते. म्हणजे धुणं टाळलं तरी हात, सिंक आणि भांडी यांच्यामार्फत तेच झालं.

चिकन धुऊच नका हा अमेरिकेतला सल्ला तिकडच्या पाकीटबंद चिकनला सरळ लागू पडतो. आपल्याकडे दुकानातून कापून आणलेल्या कोंबडीला रक्त, पिसांची बोंडं, हाडांचा चुरा चिकटलेला असतो आणि बहुतेक घरांत ते न धुता शिजवणं कुणाला पटणार नाही. धुवायचंच असेल तर धारेखाली धुऊ नका. सिंक आधी रिकामा करा, बाजूच्या जाळीतली धुतलेली भांडी हलवा. सिंकमध्ये खोल पातेलं ठेवा, त्यात आधी पाणी भरा आणि मग चिकन अलगद सोडा. पाण्याखालीच हाताने चोळा आणि पाणी पातेल्याच्या कडेने, सिंकच्या जाळीजवळून हळू ओता. धार तुकड्यावर आपटली की बारीक तुषार उडतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

धुण्याने जिवाणू जात नाहीत, फक्त रक्त आणि चुरा जातो. हळद-मीठ किंवा लिंबू चोळल्यानेही ते जात नाहीत. वास कमी होतो, म्हणून चिकन स्वच्छ झालं असा समज होतो.

बोर्ड आणि विळी नुसती विसळणं

शक्य असेल तर दोन बोर्ड ठेवाच. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात कच्च्या मांसाला लाल, मासळीला निळा आणि सॅलड-फळांना हिरवा बोर्ड वापरण्याची पद्धत रूढ आहे. घरी एवढे रंग लागत नाहीत. दोन बोर्ड पटकन वेगळे ओळखू येणं महत्त्वाचं, कारण घाईत हात जो समोर दिसेल त्याला जातो. एक लाकडी आणि एक प्लास्टिकचा घेतला तर गोंधळ होत नाही. सुऱ्याही वेगळ्या मुठीच्या असू द्या.

प्लास्टिकचा बोर्ड नवा असताना छान धुतला जातो, पण सुरीच्या चरांनी तो भरला की चरांत घासणी पोचत नाही. नखाला चर लागू लागले की तो बोर्ड बदला.

धुण्याचाही क्रम आहे. आधी साध्या पाण्याने रक्त-चरबी काढा. सुरुवातीलाच कढत पाणी ओतलं तर रक्तातली प्रथिनं गोठून बोर्डला घट्ट चिकटतात. मग साबण लावून घासा आणि शेवटी गरम पाण्याने धुऊन उभा ठेवून कोरडा करा. ब्लीच वापरायचं असेल तर वास नसलेलं साधं घ्या, एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा, आणि तेही साबणाने घासून झाल्यावरच. रक्त-चरबी राहिली असेल तर ब्लीचचा जोर तिथेच संपतो. त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

विळीचा विचार वेगळा करावा लागतो. कोकण-गोव्याकडे मासळी विळीवर कापतात आणि कित्येक घरांत मासळीची विळी वेगळीच असते. ही पद्धत शहरातल्या फ्लॅटमध्ये जागेअभावी सुटते आणि एकाच विळीवर बांगडे साफ होतात, नंतर काकडी चोचवली जाते. विळीचं पातं घासायला सोपं आहे. अडचण असते ती पातं लाकडी पाटात बसवलंय तिथे, किंवा घडीच्या विळीच्या बिजागरीत. त्या फटीत खवले आणि काळपट चिकट थर साचतो आणि तो वरून दिसत नाही. जुना टूथब्रश आणि साबण घेऊन ती फट घासा, मग पाहा किती निघतं ते. घडीची विळी उघडी ठेवूनच वाळवा. लोखंडी पातं गंजेल म्हणून लोक विळी नुसती पुसतात, पण धुऊन लगेच कोरडी केली आणि पात्याला तेलाचं बोट फिरवलं तर ती गंजत नाही.

हात कुठे कुठे लागला हे लक्षात न येणं

बोर्ड वेगळे ठेवणाऱ्या घरांतही इथे गडबड होते. चिकनला हळद-मीठ लावताना मीठ कमी वाटतं, तोच हात मिठाच्या बरणीत जातो. फ्रीज उघडून दही काढलं जातं, फोन वाजतो, गॅसचं बटण फिरवलं जातं. मग हात धुतले जातात आणि त्याच धुतलेल्या हातांनी पुन्हा तीच बरणी उघडली जाते. मिठात किंवा तिखटात काही टिकत नाही असं मानू नका. साल्मोनेला कोरड्या मसाल्यांतही दीर्घकाळ तग धरतो.

हे तपासायची सोय आपल्याच स्वयंपाकात आहे. पुढच्या वेळी चिकनला हळद लावून झाली की काही पुसायच्या आधी एक फेरी मारा आणि पिवळी बोटं कुठे उमटली आहेत ते बघा. नळाची मूठ, तिखटाच्या डब्याची कड, फ्रीजचं हँडल, साबणाची बाटली, कचऱ्याच्या डब्याचं झाकण. हळद जिथे पोचली तिथे चिकनचं पाणीही पोचलं.

उपाय साधा आहे. चिकनला हात लावण्याआधी मीठ, हळद, तिखट, आलं-लसणाची पेस्ट, दही हे सगळं वाट्यांत काढून ठेवा आणि उरलेलं त्या वाट्यांतच राहू द्या, परत डब्यात टाकू नका. एक हात चिकनमध्ये, दुसरा कोरडा ठेवा; वाट्या उपड्या करणं, नळ उघडणं कोरड्या हाताने. झालं की साबणाने वीस सेकंद हात धुवा, नखांखाली आणि अंगठ्यांभोवतीही, आणि नळाची मूठही साबणाच्या हाताने धुवा. हात ओट्याच्या फडक्याला पुसू नका. ज्या फडक्याने चिकनचं पाणी टिपलं ते त्या दिवशी दुसऱ्या कशालाही वापरू नका, साबणाच्या पाण्यात उकळा.

फ्रीजमध्ये चिकन भाजीच्या डोक्यावर

मांस खालच्या कप्प्यात ठेवा असं सगळीकडे सांगतात. पण आपल्या बहुतेक फ्रीजमध्ये सगळ्यात खाली भाजीचा खण असतो, आणि फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये ठेवलेलं चिकन तर सगळ्याच्याच वर येतं. पिशवीला बारीक भोक असलं की थेंब कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत पोचतो. म्हणून कप्प्यापेक्षा भांडं जास्त महत्त्वाचं: उंच कडांचा, झाकणाचा डबा, आणि त्यात पिशवी. फ्रीझरमधलं चिकन मोकळं करतानाही तसंच.

चूक होऊन गेली असेल तर

चिकनच्या बोर्डवर काकडी चिरली गेली, हे चिरल्यावर लक्षात आलं. पुन्हा धुऊन ती कोशिंबिरीत घालू नका. चिरलेल्या कडांवरून जिवाणू धुऊन निघतील याची खात्री नसते. ती शिजवा. काकडी किसून थालीपिठाच्या पिठात जाते, कांदा फोडणीत, कोथिंबीर उकळत्या रश्शात. लिंबाची फोड टाकून द्या. मिठाच्या बरणीत हात गेला असेल तर ते मीठ शिजणाऱ्या पदार्थांनाच वापरा आणि कोशिंबिरीसाठी नवं काढा.

आणि कुणाचं पोट बिघडलं तर चार-पाच दिवस मागे जाऊन आठवा. साल्मोनेलाचा त्रास काही तासांपासून काही दिवसांत सुरू होतो, कॅम्पिलोबॅक्टरचा बहुधा दोन ते पाच दिवसांनी. त्यामुळे रविवारच्या कोशिंबिरीचा दोष मंगळवारच्या वडापाववर जातो आणि घरातली चूक तशीच राहते. जुलाब सुरू असताना ओआरएस देत राहा. शौचात रक्त, जोराचा ताप, किंवा आजारी माणूस लहान मूल, गरोदर बाई वा वयस्कर असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरकडे न्या.