चुकीबद्दलचा अहवाल लिहिताना या चुका टाळा: एका कनिष्ठ लिपिकाची गोष्ट

भांडार शाखेत नव्याने रुजू झालेल्या एका कनिष्ठ लिपिकाकडे छपाईच्या कागदाचे मागणीपत्र आले. मागणी 60 रीमची होती. संगणकावरील पुरवठा आदेशाच्या नमुन्यात परिमाणाच्या रकान्यात ‘खोके’ हा शब्द आधीच भरलेला असे. त्याने संख्येच्या रकान्यात 60 लिहिले आणि सोमवारी दुपारी आदेश पाठवून दिला. एका खोक्यात 5 रीम असल्यामुळे 12 खोक्यांऐवजी 60 खोकी, म्हणजे 300 रीम कागद गुरुवारी दारात येऊन पडला आणि लेखनसामग्रीसाठी राखून ठेवलेली सहामाहीची बहुतेक तरतूद त्या एका देयकात संपली.

साहेबांनी अहवाल मागितला. त्याने लिहिले: “सदर आदेशात अनवधानाने तांत्रिक स्वरूपाची त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आल्याने जादा साठा प्राप्त झाला आहे. यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल.”

या दोन वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नाही, आणि अहवाल म्हणून त्यांचा काही उपयोगही नाही. त्रुटी ‘राहून गेली’ म्हणजे ती कोणी केली? ‘निदर्शनास आली’ ती कोणाच्या आणि कधी? ‘जादा’ म्हणजे किती? कार्यालयीन भाषेतील कर्मणी प्रयोग मुळात वाईट नव्हे. कर्ता गौण असतो तेथे तो शोभतोही. मात्र चुकीच्या अहवालात कर्ता, वेळ आणि संख्या हीच मुख्य माहिती असते आणि नेमकी तीच या प्रयोगात सहज गळून पडते. आपला मसुदा तपासायचा असेल, तर प्रत्येक क्रियापदाला ‘कोणी’ आणि ‘केव्हा’ हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर कागदावर सापडले नाही, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.

अहवाल शेऱ्यासह परत आला, तेव्हा लिपिकाने दुसरे टोक गाठले. अर्धे पान भरेल इतकी क्षमायाचना, सारा दोष आपल्या निष्काळजीपणाचा असल्याची कबुली आणि होईल ती शिक्षा भोगण्याची तयारी. वरवर पाहता हा मजकूर प्रामाणिक वाटतो, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वाचल्यावर वाचणारा पुढचे विचारायचे थांबतो. परिमाणाचा रकाना आधीच भरलेला होता, ही गोष्ट या मसुद्यात कोठेच आली नाही. आणि उद्या त्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला, तरी तो रकाना तसाच राहणार होता.

दोन्ही मसुद्यांतून गळालेली आणखी एक बाब सर्वांत महत्त्वाची होती. आदेशाची प्रत नस्तीत लावताना मंगळवारी दुपारीच लिपिकाला चूक दिसली होती. माल बुधवारी सकाळी निघाला आणि तो निघेपर्यंत आदेश रद्द करता येत होता. भीतीपोटी तो गप्प राहिला. चूक कधी झाली हे बहुतेक अहवालांत सापडते. ती कधी कळली आणि वरिष्ठांना कधी सांगितली, हे क्वचितच लिहिलेले असते. खरे नुकसान अनेकदा या दोन वेळांच्या मधल्या अंतरातच होते. त्यामुळे अहवालात तीन वेळा स्वतंत्रपणे लिहाव्यात: चूक घडल्याची, लक्षात आल्याची आणि कळवल्याची. यांतील एखादी लिहिताना हात अडखळला, तर तीच लिहिणे सर्वांत गरजेचे आहे असे खुशाल समजावे.

त्याचा तिसरा मसुदा असा होता: “60 रीमची मागणी असताना मी सोमवारी 60 खोक्यांचा आदेश पाठवला. परिमाणाच्या रकान्यात ‘खोके’ हा शब्द आधीच भरलेला होता. मी तो वाचला नाही. मंगळवारी दुपारी चूक माझ्या लक्षात आली, पण मी कोणालाही कळवले नाही. बुधवारी सकाळी माल निघाला आणि गुरुवारी तो आल्यावर मी साहेबांना सांगितले. 48 खोकी, म्हणजे 240 रीम, गरजेपेक्षा जास्त आहेत. सर्व खोकी बंद आहेत. पुरवठादार ती परत घेईल का, याची चौकशी अद्याप केलेली नाही.”

शेवटचे वाक्य मुद्दाम पाहण्यासारखे आहे. न केलेले काम ‘कार्यवाही सुरू आहे’ या शब्दांआड लपवण्याचा मोह येथे होतो आणि मग सगळे समजतात की कोणीतरी पुरवठादाराशी बोलत आहे. चौकशी झालेली नाही हे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे साहेबांनी त्याच दिवशी फोन करवला. पुरवठादाराने वाहतूक खर्च कापून 30 खोकी परत घेतली, उरलेली 18 कार्यालयाच्या माथी राहिली. लिपिकाला लेखी समज मिळाली. रकान्याबद्दलचे वाक्य वाचून लेखापालाने जुने आदेश काढून पाहिले, तेव्हा दोन ठिकाणी हीच गफलत आढळली. तेथे संख्या लहान असल्यामुळे जादा माल कोणाच्या लक्षात न येता वापरला गेला होता. त्यानंतर परिमाणाचा रकाना कोरा ठेवण्यात आला आणि तो भरल्याशिवाय आदेश पुढे जाणार नाही, अशी व्यवस्था झाली.