‘नो रिटर्न’ लिहिले असले तरी चुकीची वस्तू परत घ्यावीच लागते

निळी बॅग मागवली आणि काळी आली, तरी विक्रेता ‘नो रिटर्न’ धोरण दाखवतो, तेव्हा वाद घालत बसू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मधील नियम 6 नुसार जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ते धोरण फार तर मन बदललेल्या ग्राहकाला लागू पडते. वस्तू न वापरता, तिच्या लेबलचा आणि ऑर्डरच्या पानाचा फोटो जोडून प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे; तसे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.