पिकअपचं इंजिन बदलताय? ब्लॉक गाडीत चढण्याआधी हे वाचा

गाडीत कुठला बदल चालतो आणि कुठल्याला परवानगी लागते, हे गॅरेजवाल्याला विचारू नका. स्वतःचं आरसी बुक काढा आणि त्यावर काय छापलंय ते बघा. रंग, इंधन, इंजिन नंबर, चासी नंबर, बॉडीचा प्रकार, सीट, रिकाम्या गाडीचं वजन. यातली एकही नोंद तुमच्या बदलामुळे खोटी ठरत असेल, तर आधी आरटीओची मंजुरी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 हेच सांगतं, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं, की कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ नोंदींशी विसंगत होईल अशी गाडी बदलता येत नाही. नियमबाह्य बदलाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "सगळेच करतात, कोणी विचारत नाही" हा सल्ला देणारा माणूस तुमच्या दंडाची पावती भरायला येत नाही.

सोपे बदल आधी उरकतो.

रंग बदलायचा असेल तर आधी अर्ज, मग पेंटर. पूर्ण गाडीला दुसऱ्या रंगाचं रॅप लावलं तरी आरसीवरचा रंग जुळत नाही, म्हणून तेही यातच धरा. लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला मिळतच नाही, तो संरक्षण दलासाठी राखून ठेवलेला आहे.

बुल बारसाठी अर्ज करायला जाऊ नका, कारण त्याला मंजुरी नाही. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून हे बार बेकायदा असल्याचं कळवलं आहे. धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चेपतो आणि धक्का पिऊन घेतो, तसाच तो बनवलेला असतो. लोखंडी बार तो धक्का थेट चासीकडे नेतो, एअरबॅगचा सेन्सर चुकू शकतो, आणि समोर सायकलवाला असेल तर त्याच्या वाट्याला ते लोखंड येतं. आपल्याकडे उसाच्या बैलगाड्या आणि रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात म्हणून लोक बार लावतात, हे मला ठाऊक आहे. तरीही काढा.

चाकांचं म्हणाल तर, तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जी साइज देते तिथपर्यंत थांबा, आणि टायरची भारक्षमता मूळपेक्षा कमी होऊ देऊ नका. 195/65 आर 15 काढून 205/65 आर 16 घातला तर चाकाचा व्यास साधारण 634 मिलिमीटरवरून 673 वर जातो, म्हणजे सहा टक्के जास्त. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 ने पळत असते.

आता इंजिन. या एका कामात मी स्वतः अडकलोय, म्हणून इथे थांबून सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की निम्म्या लोकांना परवानगीची गरजच नसते आणि ते उगाच घाबरतात. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर कोरलेला असतो. पिस्टन, लायनर, क्रँक, हेड, पंप, टर्बो हे सगळं त्याच जातीचं नवीन टाकलं आणि ब्लॉक तोच राहिला, तर नंबर बदलत नाही. आरसीवरची नोंद खरीच राहते. मिस्त्री "इंजिन गेलं, दुसरं टाकू" म्हणाला की पहिला प्रश्न हा विचारा: ब्लॉक वाचतोय का? बोअर करून, नवीन लायनर टाकून भागत असेल तर जास्त पैसे गेले तरी तेच करा. ब्लॉकला चीर गेली असेल किंवा कनेक्टिंग रॉडने भोक पाडलं असेल, तरच ब्लॉक बदलायचा. आणि ब्लॉक बदलला की नंबर बदलला, मग आरटीओ आलंच.

माझी पहिली पिकअप जालन्याची, एमएच-21. मे महिन्यात मोसंबी भरून जाधववाडीच्या मोंढ्याकडे निघालो होतो. बदनापूरच्या पुढे पाण्याचा होज फुटला, तापमानाचा काटा मी उशिरा पाहिला, आणि इंजिन जाम झालं. ब्लॉकला चीर. गाडी बंद म्हणजे धंदा बंद, म्हणून मी घाई केली. जुन्या मालाच्या एका दुकानातून त्याच मॉडेलचं इंजिन घेतलं, साध्या वहीच्या कागदावर पावती घेतली, दोन दिवसांत बसवलं आणि कागद घेऊन तपासणीला गेलो. मोटार वाहन निरीक्षकांनी बॅटरी मारून नंबर पाहिला आणि पावती परत दिली. पावतीवर शेवटून तिसरा आकडा 3 होता, ब्लॉकवर 8 होता. दुकानदाराने गंजलेला आकडा अंदाजाने वाचला होता. त्यात हे इंजिन कुठल्या गाडीतून निघालं याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. दुकानदार म्हणाला, ती गाडी केव्हाच तुटली. कागद सापडेपर्यंत गाडी महिनाभर दारात उभी राहिली.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: नंबर आणि कागद जुळेपर्यंत इंजिन जमिनीवर राहील. एकदा ते गाडीत चढलं की नंबर बऱ्याच मॉडेलमध्ये स्टार्टर किंवा एक्झॉस्टच्या मागे लपतो, आणि मग आरसा आणि बॅटरी घेऊन आकडे वाचत बसावं लागतं.

नंबर वाचण्याची रीत नीट समजून घ्या, कारण इथेच लोक हातानं काम बिघडवतात. ब्लॉकवरची ती सपाट पट्टी शोधा. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तेल आणि मळी पुसा, हट्टी गंजावर पितळी तारेचा मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा. ग्राइंडर लावू नका, पॉलिश पेपर घासू नका. कोरलेले आकडे फार खोल नसतात. एकदा घासले गेले की कितीही खरं इंजिन असो, तपासणाऱ्याला ते छेडछाड केल्यासारखंच दिसणार. पट्टी कोरडी झाली की पांढरा खडू आडवा घासा. खडू खाचांत बसतो आणि 3 की 8 हे लगेच उघडं पडतं. मग पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासा. हा छाप फाइलमध्ये लागतोच, त्याच्या दोन प्रती काढा. मोबाइलमध्ये फोटोही घ्या, एक जवळून आणि एक असा की पूर्ण ब्लॉक दिसेल.

नंतर चुलतभावाच्या अंबडच्या पिकअपचं इंजिन असंच बदलावं लागलं, तेव्हा मी क्रम उलटा लावला. इंजिन नांदेडकडच्या एका अपघातग्रस्त गाडीतलं होतं. पैसे देण्याआधी त्या गाडीच्या आरसीची प्रत मागितली आणि तिच्यावरचा इंजिन नंबर माझ्या पेन्सिल छापाशी आकडा आकडा जुळवला. मॉडेल, इंधन, सीसी आणि बीएस टप्पा आमच्या गाडीसारखाच आहे ना ते पाहिलं. जुन्या टप्प्याचं इंजिन नव्या गाडीत टाकायचा विचारच करू नका. मग राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर त्या गाडीचा नोंदणी क्रमांक, चासी आणि इंजिन नंबर टाकून ती चोरीची नसल्याचा दाखला काढला. हे काम घरबसल्या होतं, आणि कोणीच करत नाही. चोरीचं इंजिन तुमच्या गाडीत सापडलं तर "मला माहीत नव्हतं" हे पोलीस ठाण्यात बसून सिद्ध करावं लागतं.

बिल जीएसटीचं घ्या, आणि त्यावर इंजिन नंबर तुमच्यासमोर, छाप बघून लिहून घ्या. मूळ गाडीच्या मालकाचं विक्रीपत्र किंवा प्रतिज्ञापत्र मिळालं तर फाइल भक्कम होते.

कंपनीचा नवा ब्लॉक घेत असाल तर एक वेगळाच धोका आहे. तो कधी कधी नंबर नसलेला, कोरा येतो. मिस्त्री सहज म्हणतो, "जुनाच नंबर ठोकून देतो, कोणाला कळणार." त्याचा हात धरा. कोऱ्या ब्लॉकचं बिल आणि वर्कशॉपचं पत्र घेऊन आधी आरटीओत जा, नंबर कसा टाकायचा ते तिथून लेखी घ्या.

पुढचं सोपं आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आधी घ्या, ते नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. `parivahan.gov.in` वर वाहन सेवांमध्ये बदलाचा अर्ज भरा, फी भरा, आरसी, विमा, पीयूसी, बिल, इंजिन आणि चासी या दोन्ही नंबरांचे छाप जोडा. अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीतल्या कार्यालयात जातो. मंजुरी आधी घेणं उत्तम. नाइलाजाने इंजिन आधी बदललं असेल तर बदलल्यापासून 14 दिवसांच्या आत कळवून आरसी जमा करा. 3 तारखेला इंजिन बसलं तर 17 तारखेपर्यंत. हे दिवस पीकपाण्याच्या धावपळीत भराभर निघून जातात, म्हणून बसवलेल्या दिवशीच तारीख लिहून ठेवा.

तपासणीला जाताना नंबरची पट्टी पुसून न्या, बॅटरी आणि छोटा आरसा सोबत ठेवा. चुलतभावाच्या गाडीची तपासणी पंधरा मिनिटांत झाली, कारण साहेबांना वाकून शोधावं लागलं नाही.

नवीन आरसी हातात आली की त्याच आठवड्यात विमा कंपनीला प्रत द्या आणि पॉलिसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. त्यांनी पाठवलेल्या कागदावरचा नंबर पुन्हा छापाशी ताडा, टायपिंगची चूक तिथेही होते. अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा इंजिन नंबरच बघतो आणि तो जुळला नाही तर क्लेम अडतो.

जुना ब्लॉक भंगारात देताना पावतीवर त्याचा नंबर लिहा, घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या, आणि ती पावती नव्या आरसीच्या प्रतीसोबत एकाच पाकिटात ठेवा. तो ब्लॉक उद्या कुठल्या दुसऱ्या गाडीत निघाला, तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.