गोंद नको, स्क्रू नको: थ्रीडी प्रिंट केलेल्या डब्याला क्लिपचं झाकण कसं बसवावं

थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या डब्याच्या क्लिपा बहुतेक वेळा एकाच जागी तुटतात: मुळाशी, थरांच्या रेघेवर, सरळ कापल्यासारख्या. तुटलेला तुकडा पाहून क्लिप जाड करावी असं वाटतं. पण जाडी वाढवली की ती आणखी लवकर तुटते. असं का होतं हे समजलं की उरलेल्या मापांचं कोडं सोपं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

उदाहरणाला एक साधा डबा घेऊ. बाहेरून ८० × ५० मिमी, भिंत २ मिमी जाड, म्हणजे आतली पोकळी ७६ × ४६ मिमी. झाकणाच्या आतल्या बाजूला ६ मिमी उंचीची, १.६ मिमी जाडीची एक किनार आहे, ती डब्यात आत उतरते. ०.४ मिमीचं नोझल, ०.२ मिमीचा थर, मटेरियल पीईटीजी. प्रिंटर साधा, फिलामेंट वितळवून थर रचणारा.

क्लिप उभी नको, आडवी

क्लिप म्हणजे एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला मोकळी पट्टी. मोकळ्या टोकाशी एक दात असतो. झाकण दाबताना दात भिंतीला घासतो, पट्टी वाकते, आणि दात खाचेत शिरला की पट्टी परत सरळ होते. वाकताना मुळाशी मटेरियल किती ताणलं जातं, ते या सूत्रावरून कळतं:

```
ताण = 1.5 × t × y / (L × L)
t = पट्टीची जाडी, y = टोक किती वाकतं, L = लांबी (सगळं मिमी मध्ये)
```

जाडी वर आहे, म्हणून जाड पट्टी तेवढीच वाकवली तर जास्त ताणली जाते. लांबी खाली आहे आणि तिचा वर्ग आहे, म्हणून लांबी दुप्पट केली की ताण चौथाई होतो. क्लिपच्या डिझाइनमध्ये सगळ्यात जास्त फरक लांबीने पडतो.

आता आपल्या किनारीत नेहमीसारखी उभी क्लिप केली, म्हणजे झाकणातून सरळ वर येणारी, तर दातापर्यंत जेमतेम ५ मिमी लांबी मिळते. टोक ०.६ मिमी वाकवायचं तर ताण १.५ × १.६ × ०.६ ÷ २५, म्हणजे ५.८ टक्के. शिवाय झाकण पालथं, सपाट बाजू बेडवर ठेवून छापलं की थर उभ्या क्लिपला आडवे कापतात. वाकताना पडणारी ओढ नेमकी थरांना एकमेकांपासून सोडवायला जाते, आणि दोन थरांमधली पकड ही प्रिंटची सगळ्यात कमजोर जागा असते. अशी क्लिप पहिल्या-दुसऱ्या वेळीच जाते.

त्यामुळे पट्टी किनारीच्या लांबीतच झोपवायची. किनार आणि झाकणाचा तळ यांच्यामध्ये १ मिमीची आडवी चीर द्यायची आणि एका टोकाला १ मिमीची उभी चीर. तळापासून सुटलेली, ५ मिमी उंच, १.६ मिमी जाड अशी आडवी पट्टी तयार होते. आता प्रत्येक थराची रेघ मुळापासून टोकापर्यंत अखंड जाते, वाकण्याचा ताण थरांच्या जोडावर येत नाही आणि लांबी हवी तेवढी घेता येते. चिरेचं मुळाकडचं टोक मात्र टोकदार ठेवू नका. तिथे २ मिमी व्यासाचं गोल भोक द्या, नाहीतर त्याच कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

पट्टीच्या मोकळ्या टोकाखाली काहीच नसतं, त्यामुळे ते हवेत छापलं जाईल. स्लायसरचे सपोर्ट एवढ्याशा चिरेतून काढणं त्रासाचं असतं. त्यापेक्षा मॉडेलमध्येच टोकाखाली साधारण ०.८ मिमी रुंदीचा बारीक खांब काढा. मुळापासून खांबापर्यंत प्रिंटर छोटा पूल टाकतो, आणि छपाई झाल्यावर खांब ब्लेडने कापून टाकायचा.

लांबी किती घ्यावी

लांबी जितकी जास्त तितकी क्लिप सुरक्षित, पण तितकीच ढिली. २० मिमी लांबी घेतली तर ताण ०.३६ टक्के येतो, अगदी निर्धास्त. पण तेवढ्या पट्टीला वाकवायला एक न्यूटनसुद्धा लागत नाही, आणि असं झाकण डबा उलटा केला की निसटेल. १२ मिमी घेतली तर ताण १ टक्का. पीईटीजीची ताठरता अंदाजे २००० मेगापास्कल धरली तर एका पट्टीला वाकवायला साडेतीन न्यूटनच्या आसपास जोर लागतो. लांब बाजूंना दोन-दोन अशा चार क्लिपा ठेवल्या, तर झाकण बसवायला एकूण पंधरा न्यूटन, म्हणजे दीड किलो वजनाएवढा दाब पुरतो. अंगठ्याने सहज बसेल आणि आपोआप उघडणार नाही. माझ्या मते पीईटीजीमध्ये वारंवार उघडायच्या झाकणासाठी १ टक्क्याच्या आसपास राहणं चांगलं. पीएलए जास्त ताठ आणि ठिसूळ असतं, त्यात लांबी १५ मिमी करा.

या मापांना एक अट आहे. पट्टी आत वाकते, म्हणून तिच्या मागे किमान १ मिमी मोकळी जागा हवी. सर्किट बोर्डाची कड किंवा वायर नेमकी तिथे आली, तर झाकण बसणारच नाही, आणि जोर लावला तर दात घासून जाईल.

फट दाताचा घास घेते

झाकणाची किनार डब्यात सरकायला फट हवी. व्यवस्थित जुळवलेल्या प्रिंटरवर प्रत्येक बाजूला ०.२ मिमी ही सुरुवात योग्य. म्हणजे ७६ × ४६ च्या पोकळीसाठी किनार बाहेरून ७५.६ × ४५.६. फट एका बाजूची आहे की दोन्ही बाजू मिळून, हे कागदावर लिहून ठेवा. त्या गोंधळात माप दुप्पट किंवा निम्मं होतं.

पुष्कळ जणांच्या नजरेतून इथे एक गोष्ट सुटते. दात पट्टीच्या पृष्ठभागापासून ०.८ मिमी पुढे काढला, तर खाचेत तो ०.८ मिमी जात नाही. मधली ०.२ मिमी फट वजा होते आणि पकड उरते ०.६ मिमी. वरच्या हिशेबात टोक ०.६ मिमी वाकतं असं धरलं, ते म्हणूनच. झाकण एका बाजूला पूर्ण सरकलं, तर एकीकडे पकड ०.८ होते आणि दुसरीकडे ०.४. आता समजा किनार अडकते म्हणून फट ०.३ केली. मध्यभागी पकड ०.५ राहते, पण झाकण सरकल्यावर एका बाजूला फक्त ०.२ उरते, आणि तेवढ्यावर झाकण टिकत नाही. फट वाढवली की दातही वाढवावा लागतो.

किनार अडकत असेल तर सरसकट फट वाढवण्याआधी कोपरे बघा. वळणावर प्लास्टिक थोडं जास्त साचतं. पोकळीच्या कोपऱ्याची त्रिज्या ३ मिमी असेल, तर किनारीच्या बाहेरच्या कोपऱ्याची ३.५ घ्या, म्हणजे तिथे आपोआप जास्त जागा मिळते. थराची सुरुवात आणि शेवट जिथे जुळतात तिथे उभी शिवण येते, तीही दातावर किंवा पट्टीवर येणार नाही अशी स्लायसरमध्ये हलवा.

दाताचे दोन उतार

आत शिरताना भिंतीला टेकणारा उतार सौम्य हवा, दाबाच्या दिशेपासून ३० अंश. धरून ठेवणारा उतार ४५ अंश. तो ९० अंश केला तर झाकण जवळपास कायमचं बसतं, आणि पालथ्या छपाईत तीच बाजू खाली येत असल्याने लोंबकळत छापली जाते. ४५ अंशांत ती सपोर्टशिवाय नीट येते आणि झाकण उघडताही येतं, फक्त बसवण्यापेक्षा पावणेदोन पट जोर लागतो. डब्याच्या भिंतीत १ मिमी खोल खाच द्या आणि तिचं छतही ४५ अंशांतच उतरतं ठेवा, म्हणजे ते खाली लोंबणार नाही. दात ६ मिमी रुंद असेल तर खाच ७ मिमी पुरे. डब्याच्या तोंडाची आतली धार अर्धा मिमी तिरपी करा.

उंचीची मापं, म्हणजे डब्याच्या तोंडापासून खाचेचं छत आणि झाकणाच्या तळापासून दात, ०.२ च्या पटीत ठेवा. प्रिंटर उंचीत थराएवढ्याच पायऱ्या चढतो. मधलं माप दिलं तर तो जवळच्या थरावर नेतो आणि झाकण खडखडतं. अशी खडखड काढायला उंचीला हात लावू नका. दात ४५ अंशांत असल्यामुळे तो ०.१ मिमी पुढे काढला की वर-खालचा खेळही ०.१ मिमीनेच कमी होतो, आणि आडव्या दिशेत थरांची अडचण नसते. मात्र खेळ शून्याच्या पलीकडे नेऊ नका. झाकण बंद असताना पट्टी वाकलेलीच राहिली, तर प्लास्टिक हळूहळू त्याच आकारात बसतं आणि काही आठवड्यांत पकड जाते. मिटलेल्या क्लिपवर ताण जवळपास नसावा.

आधी तुकडा छापा

पूर्ण डबा छापण्याआधी फक्त एक कोपरा आणि एक क्लिप येईल असा ४० मिमी लांब, १२ मिमी उंच तुकडा भिंतीचा आणि तेवढाच झाकणाचा काढा. ०.१, ०.२ आणि ०.३ फट असे तीन किनारीचे तुकडे छापून बसवून बघा. पट्टीची भिंत अखंड रेघांची हवी. ०.४ मिमीच्या रेघेने १.६ मध्ये बरोबर चार रेघा बसतात. तुमचा स्लायसर ०.४५ ची रेघ टाकत असेल, तर जाडी १.८ करा आणि लांबी १३ मिमी घ्या. स्लायसरच्या प्रीव्ह्यूमध्ये मधे रिकामी रेघ दिसता कामा नये.

मग कॅलिपरने मोजा. लहान माप आणि मोठं माप दोन्ही सारख्याच फरकाने जाड आले, समजा ०.१५ मिमी, तर प्लास्टिक जास्त पडतंय. फ्लो किंवा आडव्या विस्ताराची सेटिंग सुधारा, डिझाइन बदलू नका. फरक मापाबरोबर वाढत असेल, तर ते आकुंचन आहे आणि मॉडेल किंचित मोठं करावं लागेल. एबीएसमध्ये हे हमखास दिसतं.

क्लिप दहा-बारा वेळा लावून-काढून मुळाकडे उजेडात बघा. पांढरट पट्टा उमटला असेल, तर ताण जास्त आहे आणि लांबी २-३ मिमीने वाढवायला हवी. दाताची धार झिजून गोल झाली असेल, तर शिरण्याचा उतार उभा पडलाय किंवा भिंतीच्या तोंडाची तिरपी धार राहून गेलीय. क्लिप बसल्याचा आवाज येतो पण झाकणाचा मधला भाग उचललेला राहतो, तर दोन क्लिपा एकमेकींपासून फार लांब आहेत. ७६ मिमीच्या बाजूला दात टोकांपासून साधारण १८ मिमीवर आले की झाकण सपाट बसतं. झाकण उघडण्यासाठी डब्याच्या आखूड बाजूला, तोंडाशीच, नख शिरेल एवढी १ मिमी खोल आणि १२ मिमी लांब खाच ठेवा.