खुर्च्या पुरतात, तरी माणसं बसत नाहीत: रिसेप्शनचा टेबल-तक्ता करताना या चुका टाळा

पंगतीत एक सोय होती. माणसं वाढली की यजमान ‘जरा सरका’ म्हणायचे आणि रांग लांबायची. गोल टेबल सरकत नाही. त्यामुळे न्यू जर्सीत भाचीच्या रिसेप्शनला मुलीकडच्या ४८ पाहुण्यांना ५ टेबलांवर बसवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सगळे एकच वाक्य म्हणत होते: “प्रत्येक टेबलाला १०, म्हणजे ५० जागा आहेत. दोन उरतात की!” हॉलच्या दारात प्रत्येकाला नाव आणि टेबल क्रमांक लिहिलेलं कार्ड मिळणार होतं. म्हणजे कोण कुठे बसणार हे आधीच ठरवायला हवं होतं.

पहिली चूक: जागांची बेरीज करणं

४८ पाहुण्यांची घरं अशी होती: ६ जणांची सहा कुटुंबं आणि ४ जणांची तीन. मुलं, आजी-आजोबा धरून प्रत्येक घर एकत्र बसणार. आता १० च्या टेबलावर ६ जणांचं एक घर बसलं की ४ जागा राहतात. तिथे ४ चं घर मावतं, ६ चं मावत नाही. म्हणजे एका टेबलावर ६ चं एकच घर. घरं सहा आणि टेबलं पाच, तेव्हा एक घर बाहेर राहणारच. खुर्च्या ५० आहेत, माणसं ४८ आहेत, आणि तरीही कोणालाही न फोडता हे जमणं अशक्य आहे.

हे ओळखायचं साधं तंत्र म्हणजे टेबलाच्या निम्म्याहून मोठे गट मोजायचे. १० च्या टेबलासाठी ६ किंवा त्याहून मोठे गट किती, ते बघा. ते टेबलांपेक्षा जास्त असतील तर पुढचा कितीही खटाटोप वाया आहे. मी हे न मोजता एक अख्खी संध्याकाळ नावं इकडून तिकडे हलवण्यात घालवली.

सुटका एकच होती, एक घर फोडायचं. पाच टेबलांवर ६ ची पाच घरं बसवली. त्यातल्या तीन टेबलांवर ४ ची तीन घरं गेली, ती टेबलं भरली. उरलेल्या दोन टेबलांवर प्रत्येकी ४ जागा रिकाम्या, आणि बाहेर ६ जण. त्यांचे ३ आणि ३ केले. दोन्ही टेबलांवर ९-९ झाले. ४ आणि २ असेही करता आले असते, पण तिघांच्या गटात एखादा बाथरूमला गेला तरी मागे दोघं बोलत राहतात. कोणतं घर फोडायचं हेही ठरवावं लागतं. आम्ही ज्या घरात कॉलेजची तीन मुलं होती ते घेतलं. मुलांना आईवडिलांपासून वेगळं बसवण्यासाठी कोणाची समजूत काढावी लागली नाही.

दुसरी चूक: ‘सोबत’ची साखळी न तपासणं

प्रत्येकाची इच्छा एकेकटी ऐकली की ती अगदी साधी वाटते. आजीला मोठ्या काकांचं घर शेजारी हवं. मोठ्या काकूंना त्यांच्या बहिणीचं घर हवं. त्या बहिणीला तिची नागपूरची मैत्रीण हवी. तीनही वाक्यांना आपण ‘हो हो’ म्हणतो. पण टेबल एकच आहे, त्यामुळे आजी, काकांचं घर, बहिणीचं घर आणि मैत्रिणीचं घर हे सगळे एकाच गाठोड्यात येतात आणि गाठोडं बघता बघता १० च्या वर जातं.

म्हणून ‘सोबत’च्या जोड्या कागदावर रेघांनी जोडा आणि रेघा जिथपर्यंत जातात तिथपर्यंतची माणसं मोजा. हा आकडा टेबलाच्या क्षमतेपेक्षा मोठा झाला तर एखादी रेघ पुसावीच लागेल. कुठली, हे आधीच घरच्यांशी बोलून ठरवा. कार्डं छापून झाल्यावर ते ठरवत बसलं तर भांडण होतं.

त्याच कागदावर ‘वेगळे’च्या जोड्या लाल रेघेने काढा. एखादी लाल रेघ एकाच गाठोड्याच्या आतल्या आत गेली की तक्ता अशक्य आहे. आमच्याकडे तसंच झालं. धाकटे काका आणि आत्या यांच्यात जुन्या फ्लॅटवरून अबोला, आणि आजीला दोघंही हवी! अशा वेळी टेबलं हलवून काही होत नाही. आजीला विचारायचं. आम्ही विचारलं, तर म्हणाली, “मला दोघं दिसली म्हणजे झालं.” म्हणजे तिची इच्छा एकाच टेबलाची नव्हतीच, समोरासमोरच्या टेबलांची होती. ‘सोबत’ या शब्दाचा अर्थ विचारला नसता तर आम्ही उगाच दुसऱ्याच घरावर कात्री चालवली असती.

‘वेगळे’ या शब्दातही एक खाच आहे. टेबल वेगळं झालं म्हणजे माणसं वेगळी झाली असं नाही. शेजारच्या दोन गोल टेबलांवर पाठीला पाठ लागून बसलेली माणसं एकाच टेबलावरच्या समोरच्या दोघांपेक्षा जवळ असतात. त्यामुळे हॉलचा आराखडा हाताशी नसेल तर ‘वेगळे’ची अट तपासलीच गेली नाही असं समजा. अबोल्याच्या दोन माणसांमध्ये किमान एक टेबल राहू द्या.

तिसरी चूक: बाळाला पाहुणा न धरणं

केटरर ताटं मोजतो. वर्षाच्या बाळाचं ताट नसतं, म्हणून यादीत बाळ नसतं. पण त्याची उंच खुर्ची टेबलाला लागतेच. आमच्या यादीत ४ च्या एका घरात असं बाळ निघालं आणि ते घर ५ चं झालं. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. हिशोब करून बघा. ६ च्या घराशेजारी ५ चं घर बसत नाही, ११ होतात. म्हणजे हे ५ चं घर अशाच टेबलावर जाईल जिथे ६ चं एकही अख्खं घर नाही. मग ६ ची अख्खी घरं फक्त चार टेबलांवर बसतात आणि एकाऐवजी दोन घरं फोडावी लागतात, प्रत्येकी ४ आणि २ अशी. दोन टेबलांवर ६ आणि ४ ची घरं, दोन टेबलांवर ६ आणि फोडलेल्या घरांतले ४-४, शेवटच्या टेबलावर ५ चं घर आणि उरलेले २-२. टेबलं १०, १०, १०, १० आणि ९. बसतं, पण ताणून.

तक्त्याशी झगडण्याआधी मी हॉलला टेबलाचा व्यास विचारायला हवा होता. ६० इंची गोल टेबलाचा घेर सुमारे १८८ इंच. १० जणांत वाटला तर प्रत्येकाला जेमतेम १९ इंच, म्हणजे कोपर शेजाऱ्याच्या आमटीत. तिथे ८ जणच सुखाने बसतात. ७२ इंची टेबलाचा घेर सुमारे २२६ इंच. त्यावर १० जणांना साडेबावीस इंच मिळतात, आणि अकरावी खुर्ची लावली तरी साडेवीस. आमची टेबलं ७२ इंची निघाली. एका टेबलावर उंच खुर्ची अकरावी म्हणून लावली आणि दोन घरांऐवजी एकच घर फुटलं. हॉलवाल्यांच्या ‘१० सीटर’ या शब्दावर भरवसा ठेवण्यापेक्षा इंच विचारलेले बरे.

चौथी चूक: एक्सेल ‘ठीक’ म्हणतंय म्हणून विश्वास ठेवणं

एका ओळीत एक माणूस लिहा, कुटुंब नको. `Guests` या शीटमध्ये A मध्ये नाव, B मध्ये गट, C मध्ये टेबल. दुसऱ्या शीटमध्ये जोड्या लिहा, A आणि B मध्ये दोन नावं आणि C मध्ये ‘एकत्र’ किंवा ‘वेगळे’ ही इच्छा. मग प्रत्येकाचं टेबल शोधून तुलना करायची.

इथे दोन गोष्टी फसवतात. ज्यांना अजून टेबल दिलेलं नाही अशा दोघांची तुलना केली तर दोन्हीकडे रिकामं असतं आणि एक्सेल म्हणतं ‘सारखंच आहे’. म्हणजे न बसवलेली जोडीही एकत्र बसल्यासारखी दिसते. दुसरी याहून वाईट. एका ठिकाणी 4 हा आकडा म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी मजकूर म्हणून टाइप झाला असेल, तर `COUNTIF` दोघांना एकाच टेबलावर मोजतं, पण `=` ची तुलना त्यांना वेगळं ठरवते. अबोल्याची जोडी एकाच टेबलावर बसलेली असते आणि तक्ता ‘वेगळे’ दाखवत राहतो. दोन्हींवर उपाय एकच, शेवटी `&""` लावून सगळ्याचा मजकूर करणं:

```
D2: =XLOOKUP(A2,Guests!A:A,Guests!C:C)&""
E2: =XLOOKUP(B2,Guests!A:A,Guests!C:C)&""
F2: =IF(OR(D2="",E2=""),"बाकी",
     IF(D2=E2,"एकत्र","वेगळे"))
```

C आणि F जुळले नाहीत तर ती जोडी चुकली. `#N/A` आलं तर नाव चुकलंय, कुठे ‘सुनीता’ तर कुठे ‘सुनिता’. आणि एकाच नावाचे दोन पाहुणे असतील, जे आपल्याकडे असतातच, तर शोध पहिल्यावरच थांबतो. दुसऱ्याच्या नावापुढे गावाचं नाव जोडा.

काहीजण हे काम एक्सेलच्या सॉल्व्हरवर सोपवतात. त्यात ४८ माणसं गुणिले ५ टेबलं म्हणजे २४० चल होतात आणि एक्सेलसोबत येणारा सॉल्व्हर २०० पर्यंतच घेतो. तेव्हा माणसांऐवजी घरं द्या. ९ घरं गुणिले ५ म्हणजे ४५. मात्र आमच्या यादीला तो ‘उत्तर नाही’ असंच सांगेल, कारण सहा घरं आणि पाच टेबलं हा पेच त्यालाही सुटत नाही. आधी एक घर फोडून दोन गट करा, मग ते १० गट द्या. ‘उत्तर नाही’ आलं की लोक सॉल्व्हरला बिघडलेला समजतात. तो खरं बोलत असतो.

शेवटच्या आठवड्यात बदल येतातच. तेव्हा भरलेल्या टेबलावर एकाला घुसवायला जाऊ नका, दोघांची अदलाबदल करा आणि F चा रकाना पुन्हा वाचा. आमच्याकडे रिकाम्या खुर्च्या फोडलेल्या घराच्या दोन टेबलांवर एकेक होत्या. ऐनवेळी आलेल्या शेजारच्या काकांना त्यातली एक मिळाली. पण ती आत्यांच्या टेबलावरची होती, आणि काका धाकट्या काकांचे जिवलग निघाले.